बॅटमधला ‘ए’ बॉलमध्ये कुठे जातो?

‘बॅट’ आणि ‘बॉल’ हे दोन शब्द आपल्याकडच्या मुलांना इंग्रजी शिकण्याच्या आधीपासून येतात. पुढे त्यांची स्पेलिंगे पाठ करायची वेळ आली की एखादे चौकस मूल अडते. दोन्ही शब्दांत ‘बी’नंतर ‘ए’ हेच अक्षर आहे. मग एकात ‘अ‍ॅ’ आणि दुसऱ्यात ‘ऑ’ कसा? हे कोडे सुटण्याआधीच ‘वॉक’, ‘टॉक’ आणि ‘हाफ’ हे शब्द समोर येतात. त्यांत ‘एल’ लिहायचा असतो, पण उच्चारायचा नसतो. मूल विचारते, “म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?” मला शाळेत या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते ते असे, “तो सायलेंट आहे. इंग्रजी अशीच आहे.” पुढे कामानिमित्त ध्वनिशास्त्राशी संबंध येईपर्यंत मलाही ते उत्तर पुरेसे वाटत होते.

वास्तविक या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते सापडते ‘ल’ म्हणताना आपली जीभ मागच्या बाजूला काय करते यात. तेव्हा आधी तोंडातल्या तोंडात एक छोटा प्रयोग करू आणि मग इतिहासाकडे वळू.

टोक तेच, पाठ वेगळी

‘ल’ म्हणण्याच्या तयारीत जीभ ठेवा आणि तशीच राहू द्या. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकलेले असेल. आता आवाज न काढता तोंडाने हवा आत ओढा. जिभेच्या कडांना गार लागेल. काहींना एकाच कडेला, काहींना दोन्हींना. टोकाने मधली वाट अडवली असल्याने हवा बाजूने जाते. म्हणूनच या व्यंजनाला पार्श्विक व्यंजन म्हणतात.

पण टोक अडकले म्हणून सगळी जीभ अडकत नाही. मागचा भाग मोकळाच असतो. टोक तसेच टेकलेले ठेवून लांबलचक ‘ल्‌ल्‌ल्‌’ म्हणा आणि म्हणता म्हणता मनात ‘ई’चा विचार करा. मग टोक न हलवता मनात ‘ऊ’ आणा. ओठांचा चंबू मात्र करू नका. पहिला आवाज पातळ आणि लख्ख येतो, दुसरा जड आणि पोकळ. दुसऱ्या वेळी तुमच्या जिभेची पाठ पडजिभेच्या पुढच्या मऊ टाळूकडे उचलली गेली. एवढाच काय तो फरक. पहिल्याला आपण ‘उजळ ल’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘गडद ल’.

मराठीतला ‘ल’ शब्दात कुठेही आला तरी उजळच असतो. इंग्लंडमधल्या प्रमाण उच्चारात मात्र दोन्ही आहेत. ‘एल’नंतर स्वर असेल, जसे ‘लीफ’मध्ये, तर उजळ. ‘एल’ शब्दाच्या शेवटी किंवा दुसऱ्या व्यंजनाच्या आधी असेल, जसे ‘फील’ किंवा ‘मिल्क’मध्ये, तर गडद. बोलणाऱ्याला आपण दोन वेगळे ध्वनी काढतो याची जाणीवही नसते. सगळीकडे असे नाही. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी ‘ल’ कमीअधिक गडदच असतो, तर आयर्लंडच्या पारंपरिक उच्चारात सगळीकडे उजळ.

येथे मराठी शिक्षकांनी एक घोटाळा टाळायला हवा. गडद ‘ल’ म्हणजे आपला ‘ळ’ नव्हे. ‘मूल’ आणि ‘मूळ’ हे शब्द पाठोपाठ म्हणून पाहा. ‘ळ’साठी जिभेचे टोक मागे वळते आणि टाळूला झटकन स्पर्श करून खाली येते. गडद ‘ल’मध्ये टोक पुढेच, दातांमागे असते, वर जाते ती पाठ. ‘फील’चा उच्चार सुधारण्यासाठी मुलांना ‘फीळ’ म्हणायला लावले तर एक परका उच्चार जाऊन दुसरा परका उच्चार येईल.

जिभेची पाठ उचलल्याने आवाज एवढा का बदलतो? घसा आणि तोंड मिळून एक नळी होते आणि तिच्यात काही ठरावीक वारंवारतांना अनुनाद मिळतो. स्वरांची ओळख मुख्यतः पहिल्या दोन अनुनादांवरून पटते. प्रौढ पुरुषाच्या आवाजात दुसरा अनुनाद ‘ई’साठी साधारण २२०० हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि ‘ऊ’साठी ९०० च्या आसपास. उजळ ‘ल’मध्ये तो साधारण १५०० च्या जवळ असतो. पाठ मागे आणि वर गेली की तो खाली घसरून ९०० च्या आसपास येतो, म्हणजे थेट ‘ऊ’च्या घरात. डॅनियल जोन्स या इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केवळ कानाच्या आधारे हेच सांगितले होते, की एका ‘ल’मध्ये ‘ई’ची झाक असते आणि दुसऱ्यात ‘ऊ’ची.

आधी पाठ, मग टोक

येथवर आपण गडद ‘ल’ची एक स्थिर आकृती पाहिली. पण बोलताना जीभ स्थिर नसते, आणि पुढचा इतिहास समजायचा तर हालचालींचा क्रम पाहायला हवा.

१९९३ साली रिचर्ड स्प्रोट आणि ओसामू फुजिमुरा यांनी त्याची मोजणी प्रसिद्ध केली. बोलणाऱ्यांच्या जिभेवर बारीक गोळ्या चिकटवून क्ष-किरणांच्या अतिशय बारीक झोताने त्या गोळ्यांचा माग काढण्याची पद्धत तोवर विकसित झाली होती. त्यांना दिसले असे, की इंग्रजी ‘ल’मध्ये दोन हालचाली असतात, टोक पुढे जाण्याची आणि पाठ मागे सरकण्याची. त्या उजळ आणि गडद दोन्ही ‘ल’मध्ये असतात, फक्त प्रमाण आणि वेळ बदलते. स्वराच्या आधीच्या ‘ल’मध्ये टोक पाठीच्या आधी किंवा तिच्याबरोबर आपले काम उरकते. शब्दाच्या शेवटच्या ‘ल’मध्ये पाठ आधी मागे जाते आणि टोक नंतर, उशिरा पोहोचते. शेवटच्या ‘ल’ला बोलताना जितका अधिक वेळ मिळतो तितका तो अधिक गडद होतो. म्हणजे उजळ आणि गडद हे दोन वेगळे कप्पे नसून त्यांच्यामध्ये पायऱ्या आहेत.

यातली ‘आधी पाठ, मग टोक’ ही गोष्ट लक्षात ठेवू या. ‘बॉल’ म्हणताना जिभेचे टोक दातांपर्यंत पोहोचण्याच्या आधीच पाठ ‘ऊ’च्या जागी गेलेली असते. म्हणजे स्वर आणि ‘ल’ यांच्यामध्ये क्षणभर एक ‘उ’ ऐकू येतो. तो कुणी मुद्दाम घातलेला नाही. जीभ वाटेत तेथून जाते म्हणून येतो. आणि टोकाने आळस केला, ते दातांपर्यंत पोहोचलेच नाही, तर मागे उरतो तो फक्त ‘उ’.

पंधराव्या शतकातला ‘उ’

चॉसर हा इंग्रज कवी १४०० साली वारला. त्याच्या काळात ‘बॅट’ आणि ‘बॉल’ या शब्दांतला स्वर एकच होता, आपल्या ऱ्हस्व ‘आ’सारखा. तेव्हा लोक ‘बात’ आणि ‘बाल’च्या जवळचे काहीतरी म्हणत. ‘वॉक’ हा ‘वाल्क’ होता आणि त्यातला ‘एल’ पुरता उच्चारला जाई.

मात्र तो ‘ल’ गडद असावा असे मानायला त्याहून जुना पुरावा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या वेसेक्स भागातल्या इंग्रजीत वासरू, अर्धा आणि खडू या अर्थांच्या शब्दांत ‘एल’ आणि व्यंजन यांच्या आधी साध्या स्वराऐवजी ‘ई-ए’ असा जोडस्वर लिहिलेला आढळतो. पुढच्या स्वराकडून मागच्या स्वराकडे जीभ घसरत असल्याची ही खूण आहे. जिभेला मागे खेचणारे काहीतरी त्या ‘ल’मध्ये होते. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत प्रमाण उच्चारातला ‘ल’ उजळ आहे. तेथे आजही ‘हाल्प’, ‘काल्प’, ‘काल्क’ असे शब्द आहेत आणि त्यांतला ‘ल’ सुखरूप आहे.

पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत हा वाटेतला ‘उ’ इतका ठळक झाला की लोक तो लिहू लागले. हस्तलिखितांत ‘ए’ आणि ‘एल’ यांच्यामध्ये ‘यू’ घातलेली स्पेलिंगे दिसू लागतात. म्हणजे ‘बाल’चा ‘बाउल’ झाला आणि ‘वाल्क’चा ‘वाउल्क’. त्या काळातला ‘आउ’ हा जोडस्वर पुढे बहुतेक शब्दांत लांब ‘ऑ’ झाला. ‘ऑगस्ट’चे स्पेलिंग ‘ए-यू’ने सुरू होते आणि आपण ‘ऑ’ म्हणतो, ते यामुळेच. त्याच रस्त्याने ‘बाउल’चा ‘बॉल’ झाला, आणि ‘ऑल’, ‘कॉल’, ‘वॉल’, ‘सॉल्ट’ही आले. दरम्यान ‘बात’मधला एकटा ‘आ’ पुढे सरकत ‘अ‍ॅ’ झाला. बॅट आणि बॉल यांची ताटातूट झाली ती अशी. मधला ‘यू’ स्पेलिंगात टिकला नाही, म्हणून आज त्याचा माग लागत नाही. फक्त वाडग्याच्या ‘बोल’ या शब्दात ‘एल’च्या आधी एक ‘डब्ल्यू’ उरला आहे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दात तो नव्हता.

हे स्पष्टीकरण बरोबर आहे की नाही, ते तपासून पाहता येते. दोष जर गडद ‘ल’चा असेल तर उजळ ‘ल’च्या आधी ‘ए’ बदलायला नको. ‘व्हॅली’ आणि ‘गॅलन’ पाहा. तेथे ‘ल’नंतर स्वर आहे, तो ‘ल’ पुढच्या अक्षरात जातो, आणि ‘अ‍ॅ’ शाबूत आहे. ‘शॅल’मध्ये तो टिकला याचे कारण असे की हा शब्द वाक्यात बहुधा आघाताशिवाय, घाईत बोलला जातो. दुसरी चाचणी काळाची. बदल पंधराव्या शतकात होऊन गेला असेल तर त्यानंतर इंग्रजीत आलेल्या शब्दांना तो लागू नये. मित्र या अर्थाचा ‘पॅल’ हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत आला, आणि तो ‘पॉल’ झाला नाही. गंमत म्हणजे हा शब्द इंग्लंडमधल्या रोमानी लोकांच्या भाषेतला, मूळ अर्थ भाऊ. रोमानी ही भारतातून गेलेली भाषा असल्याने ‘पॅल’ हा संस्कृत ‘भ्रातृ’चा, आणि म्हणून आपल्या ‘भाऊ’चा, दूरचा नातलग आहे.

‘एल’ गेला कुठे?

आता राहिला न उच्चारला जाणारा ‘एल’. ‘वाउल्क’पर्यंत आपण आलो होतो. त्यातला ‘ल’ ओळखायला आता टोकाच्या स्पर्शाची गरज उरली नव्हती, कारण ‘उ’ने त्याची खबर आधीच दिलेली होती. पुढचा ‘क’ जिभेच्या पाठीने म्हणायचा. टोकाला तेथे काही काम नाही. उशिरा येणारे टोक मग आलेच नाही. ‘वाउल्क’चा ‘वाउक’ झाला आणि ‘वाउक’चा ‘वॉक’. ‘हाल्फ’ही ‘हाउल्फ’, ‘हाउफ’ असा गेला. मात्र ओठांनी म्हणायच्या ‘फ’, ‘व’ आणि ‘म’च्या आधी ‘आउ’चा ‘ऑ’ न होता लांब ‘आ’ झाला, म्हणून आपण ‘हाफ’, ‘काफ’ आणि ‘पाम’ म्हणतो. ‘फोक’ आणि अंड्यातला ‘योक’ यांतही असेच घडले. तेथे ‘ओ’ होता, एवढाच फरक.

मग ‘सॉल्ट’ आणि ‘कोल्ड’ यांतला ‘ल’ का वाचला? कारण ‘ट’ आणि ‘ड’साठी इंग्रजीत जिभेचे टोक तेथेच, दातांमागे न्यायचे असते. टोकाला तसेही जायचेच होते, त्यामुळे ‘ल’चा स्पर्श वाटेत आपोआप घडत राहिला. आणि ‘मिल्क’, ‘फिल्म’, ‘सेल्फ’ का वाचले? तेथे आधीचा स्वर पुढचा आहे. ‘इ’ किंवा ‘ए’ यांच्यानंतर त्या काळी ‘उ’ तेवढा ठळक झाला नाही. म्हणजे ‘एल’ कधी सायलेंट होतो याला बऱ्यापैकी पक्का नियम आहे: आधी ‘ए’ किंवा ‘ओ’, आणि नंतर ‘के’, ‘एफ’, ‘व्ही’ किंवा ‘एम’. ‘शुड’ आणि ‘वुड’ या नियमात बसत नाहीत. ते ‘शॅल’सारखेच घाईत म्हणायचे शब्द, आणि त्यांतला ‘ल’ ‘ड’च्या आधी असूनही गळाला.

हा बदल कधी लोकांच्या कानावर आला याची एक मजेदार नोंद आहे. शेक्सपिअरचे ‘लव्ह्‌ज लेबर्स लॉस्ट’ हे नाटक १५९८ साली छापले गेले. त्यात होलोफर्नीस नावाचा एक पंडिती शाळामास्तर आहे. लोक ‘डेट’मधला ‘बी’ म्हणत नाहीत, ‘काफ’ आणि ‘हाफ’मधले ‘एल’ गाळतात, म्हणून तो संतापतो. म्हणजे तोपर्यंत ‘ल’ न म्हणणे इतके रूढ झाले होते की म्हणण्याचा आग्रह धरणारा मास्तर नाटकात हास्यास्पद ठरू शकत होता. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. होलोफर्नीसच्या दोन तक्रारी दिसायला सारख्या असल्या तरी मुळात सारख्या नाहीत. ‘काफ’मधला ‘एल’ खरोखरच पूर्वी उच्चारला जात होता. ‘डेट’मधला ‘बी’ इंग्रजीत कधीच नव्हता. तो शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला आणि लॅटिन जाणणाऱ्यांनी मूळ शब्द दाखवण्यासाठी तो नंतर लिहिला.

जे एल कधी नव्हतेच

‘एल’च्या बाबतीतही असे घडले आहे, आणि त्याची सुरुवात लॅटिनपासून होते. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने लॅटिनमध्ये ‘ल’चे तीन प्रकार सांगितल्याचे पुढे प्रिस्कियन या व्याकरणकाराने नोंदवले आहे: बारीक, भरीव आणि मध्यम. शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटी येणारा ‘ल’ भरीव, असे त्यात म्हटले आहे. सूर्याला लॅटिनमध्ये ‘सोल’ म्हणतात. त्यातला ‘ल’ भरीव. बहुधा हाच आपला गडद ‘ल’. या लॅटिनपासून फ्रेंच निघाली, आणि तेथे व्यंजनाआधीच्या ‘ल’चा ‘उ’ झाला. ‘आल्बा’ म्हणजे पहाट, तिची फ्रेंचमध्ये ‘ओब’ झाली आणि स्पेलिंगात ‘एल’च्या जागी ‘यू’ बसला. ससाण्याचे नाव असलेल्या लॅटिन शब्दातला ‘ल’ असाच गेला.

हा ससाणा फ्रेंचमधून इंग्लंडात पोहोचला तो ‘एल’ गमावूनच. दोष या अर्थाचा ‘फॉट’ही तसाच आला. लॅटिन जाणणाऱ्या इंग्रज विद्वानांनी दोन्ही शब्दांत ‘एल’ परत लिहिला. मग स्पेलिंग पाहून लोक तो म्हणू लागले, आणि आज ‘फॉल्ट’मध्ये आणि बहुतेकांच्या ‘फॉल्कन’मध्ये ‘ल’ ऐकू येतो. ‘सॅमन’ माशाच्या नावातही ‘एल’ लिहिला गेला, पण तो आजही कुणी म्हणत नाही.

सर्वांत नवलाची कथा ‘कुड’ची. हा ‘कॅन’चा भूतकाळ. जुन्या इंग्रजीपासून त्यात ‘एल’ नव्हता आणि असण्याचे काही कारणही नव्हते, कारण ‘कॅन’मध्ये ‘एल’ नाही. ‘शॅल’वरून ‘शुड’ आणि ‘विल’वरून ‘वुड’, यांत मात्र तो हक्काने होता. त्या दोघांतला ‘ल’ बोलण्यातून गळाल्यावर तिन्ही शब्द कानाला सारखे वाटू लागले. मग सोळाव्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्यांनी तिसऱ्यालाही ‘एल’ देऊन टाकला. ‘शुड’मधला ‘एल’ बोलण्यातून गेला नसता तर ‘कुड’मध्ये तो लिहिला गेला नसता.

गोष्ट संपलेली नाही

पाचशे वर्षांपूर्वी ‘मिल्क’ आणि ‘सेल्फ’ वाचले असे वर म्हटले. लंडनच्या कामगारवस्त्यांतल्या कॉकनी बोलीत ते आता वाचलेले नाहीत. तेथे ‘मिल्क’ हा ‘मिउक’सारखा आणि ‘फील’ हा ‘फीउ’सारखा ऐकू येतो. टोक दातांना लागतच नाही. जॉन वेल्स यांनी इंग्रजीच्या उच्चारांवरच्या आपल्या १९८२ सालच्या ग्रंथात हा उच्चार येत्या शतकात इंग्लंडमध्ये प्रमाण होण्याची शक्यता वर्तवली. तो लंडनबाहेर दक्षिण इंग्लंडात बराच पसरलाही आहे. पोलंडमध्ये तर ही वाटचाल पूर्ण झालेली आहे. तेथला जुना गडद ‘ल’ आज बहुतेक सगळे लोक ‘व’सारखा म्हणतात, फक्त अक्षरावरची तिरकी रेघ जुनी ओळख सांगते. कामगार नेते लेक वालेसा यांचे नाव आपल्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे ‘ल’ घालून छापले, पण पोलिश माणूस आडनावात ‘ल’ म्हणत नाही, ‘वावेंसा’ असे काहीसे म्हणतो.

तेव्हा ‘म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?’ असे कुणी मुलाने विचारले तर फळ्यावर ‘वॉक’, ‘हाफ’, ‘कुड’ आणि ‘सॅमन’ हे चार शब्द इंग्रजीत लिहावेत. पहिल्या दोघांतला ‘एल’ कधीकाळी बोलला जात होता. तिसऱ्यातला शेजाऱ्यांचे पाहून आला. चौथ्यातला पंडितांनी आणून बसवला. मग मुलांना ‘ल्‌ल्‌ल्‌’ म्हणायला सांगून जिभेचे टोक न हलवता ‘ई’कडून ‘ऊ’कडे न्यायला लावावे. पहिल्या दोन शब्दांतला ‘एल’ कोणत्या वाटेने गेला ते त्यांना स्वतःच्या तोंडात कळेल.